लिंबाचा खर्च

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि हिरासिंगनं बैठकीतली सतरंजी उचलून अंगणात झटकली, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं की आज नसाब बसणार. बंजाऱ्यांच्या तांड्यावर बांधावरून डोकी फुटली, कोणाची सोयरीक मोडली, की नायक चार जाणते गोळा करून नसाब बसवतो आणि निवाडा होतो. वणीतल्या या भाड्याच्या तीन खोल्यांत ना तांडा होता ना नायक. पण हिरासिंगचा बाप, थावरा कारभारी, मरताना पोराला तीन एकर कोरडवाहू जमीन आणि ही बसायची रीत देऊन गेला होता. जमीन ठोक्यानं, वर्षाच्या ठरल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिलेली होती. रीत मात्र हिरासिंग स्वतः वाहत होता.

आणि या वेळी बसायला कारणही तसंच होतं. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या मुलाच्या, भारतच्या फोनवर दोन ओळींचा निरोप आला: काम संपलं, सोमवारपासून येऊ नका. सहा वर्षं तो खाणीवरच्या एका खाजगी ठेकेदाराकडे टाइमकीपर होता, मातीच्या डंपरच्या फेऱ्या लिहायचा. ठेका दुसऱ्याला गेला. नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला आणि जुनी पस्तीस-चाळीस माणसं एका फोनात घरी बसली. महिन्याचे अठ्ठावीस हजार गेले. शुक्रवारी भारत बोलला नाही. शनिवारी त्यानं मोटरसायकल दोनदा धुतली. रविवारी बापानं सतरंजी झटकली.

"रीत मालूम आहे ना साऱ्याईले?" हिरासिंग भिंतीला टेकून बसला. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ होती. "आपला खर्च आपणच कापायचा. दुसऱ्याच्या खर्चाले हात लावायचा नाई, बोट दाखवायचं नाई. ज्याचं त्यानं बोलायचं."

"मालूम आहे बापू," प्रमिला म्हणाली. ती घरची सून. ब्लाउज बेतायचा खाकी कागद तिनं सतरंजीवर पसरला होता आणि हातात शिवणाचा निळा खडू होता. "पण कापाच्या आंधी किती आहे ते तं पाहू. नाईतं मोजमाप न घेताच कात्री चालवल्यासारखं होईन."

हिरासिंगला सुनेचं हे बोलणं आवडलं, पण तसं दाखवायची त्याची पद्धत नव्हती. त्यानं नुसतं "हं" केलं.

प्रमिला लिहीत गेली आणि बोलत गेली. घरभाडं चार हजार. किराणा पाच. दूध रोज एक लिटर, त्याचे दीड. गॅस नऊशे, वीज हजार. चिमीची शाळा आणि व्हॅन मिळून अठराशे. सोनूची यवतमाळची मेस आणि होस्टेल चार हजार. बापूंची प्रेशर-शुगरची औषधं बाराशे. फोन आणि टीव्ही बाराशे. विम्याचा हप्ता नऊशे. यांचं पेट्रोल बाराशे.

"त्यातलं पाचशेचं पेट्रोल गाडी नाई, माणूस पेतो," ती खाली मान घालूनच म्हणाली.

सहा वर्षांची चिमी आजीच्या, हंसाबाईच्या मांडीत होती. "पप्पा खर्रा खातात, सुपारी-तंबाखूचा," तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

भारतची धाकटी बहीण सोनू फिस्सकन हसली. भारतही हसला, तीन दिवसांत पहिल्यांदा. मग प्रमिलाचा खडू जरा थांबला आणि तिनं सगळ्यात खाली लिहिलं: गाडीचा हप्ता आठ हजार चारशे, गाडीचं पेट्रोल-इन्शुरन्स दोन हजार.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारासमोर कडुनिंबाखाली ती गाडी उभी होती. पांढरी, लहान, दोन वर्षांची, काचेवर सेवालाल महाराजांचा फोटो.

"एकूण तेहतीस हजार," प्रमिला म्हणाली. "आता येणं सांगते. माह्या शिलाईचे पाच. बस. हातात किती, तं यांचा शेवटचा पगार अन् नोटिशीचा एक महिना धरून छप्पन्न, बँकेत वीस. म्हणजे शहात्तर."

"अन् पीएफ?" सोनूनं विचारलं.

"तो काढता येतो बराचसा. पण तो मी धरलाच नाई. तो हातात येईस्तोवर त्याचं नाव घ्यायचं नाई. अन् सहा वर्षं झाली, पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. त्याचा अर्ज हे उद्या लेखी देतीन अन् पोच घेतीन. तोंडी नाई." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. "आता पाहा. तेहतीसचा खर्च असाच ठेवला तं माह्या शिलाईचे पाच वजा जाऊन दर महिन्याले अठ्ठावीस गाठीतून जातीन. शहात्तर पावणेतीन महिन्यांत खलास. खर्च अठरावर आणला तं गाठीतून फक्त तेरा जातीन. सहा महिने निघतीन. सहा महिन्यांत माणसाले काई ना काई काम भेटतेच. तीन महिन्यांत भेटलं नाई तं मंग माणूस भेटन ते काम कवडीमोलानं धरते. मले यांनी तसं काम धरलेलं नाई पाह्यजे."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा हलला. भारत सतरंजीचा धागा ओढत बसला. बायको आपल्यासाठी इतका हिशेब करून बसलीय हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर त्याला एकदम रडू यायला लागलं, म्हणून तो धागा त्यानं तोडूनच टाकला.

"मी सुरू करतो," तो म्हणाला. "ड्युटी नाई तं पेट्रोल कायले? तीनशेत भागवतो. खर्रा बंद."

"खर्रा बंद, असं तुम्ही चिमीच्या बारशालेही म्हणलं होतं," प्रमिला म्हणाली.

"दुसऱ्याच्या खर्चाले बोट नाई!" हिरासिंगनं दटावलं, आणि सुनेनं पटकन जीभ चावली.

मग एकेक जण बोलत गेलं. चिमीनं व्हॅन कापली. "पप्पा घरी आहेत तं मी पप्पासंग जाईन," ती म्हणाली, आणि त्यात तिला तोटा काहीच दिसत नव्हता, उलट आनंदच दिसत होता. नऊशे वाचले. हंसाबाईनं दूध अर्धं केलं. चहा काळा प्यायचा ठरवला तो फक्त स्वतःसाठी. चिमीचा पेला तसाच राहणार, हे तिनं दोनदा बजावलं. किराण्यात ज्वारी आणि तुरीची डाळ तांड्यावरून ठोकेदाराकडून आणायची, पाकीटबंद काही आणायचं नाही, बाराशे कमी. प्रमिलानं टीव्हीचं पॅकेज आणि दोन फोनची रिचार्जं मिळून पाचशे उडवले. विम्याला मात्र तिनं हात लावला नाही. "हा मधीच बंद पडला तं भरलेलं नुकसानीत जाते. हा राहूदे."

"मी गोळ्या कमी करतो," हिरासिंग म्हणाला. "दिवसाआड घेतो."

"अन् मी तुमचं जेवण दिवसाआड करते," हंसाबाई फाडकन म्हणाली.

"बोट—"

"हाव, दाखवलं बोट! काय करता?"

सोनूनं हात वर केला, वर्गात करतात तसा. जीएनएम नर्सिंगचं तिचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. "बापू, गोळ्या सोडायच्या नाईत. त्याच गोळ्या जनऔषधीच्या दुकानात घ्या. डॉक्टरले चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव लिहून मागा, कंपनीचं नाई. बाराशेच्या चारशेत येतीन."

"तेच औषध?"

"तेच. डब्बा साधा रायते फक्त."

हिरासिंगला साध्या डब्ब्याचं काही वावडं नव्हतं. आठशे वाचले.

प्रमिलानं बेरीज केली, परत केली. पाच हजारांच्या वर थोडे. तेहतीसाचे अठ्ठावीस झाले होते, आणि पाहिजे होते अठरा. अजून दहा हजार. खडूनं तिची बोटं निळी झाली होती आणि ती बोटं नेमकी कागदावरच्या शेवटच्या ओळीपाशी होती. ते पाहून तिनं हात चटकन उचलला.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

---

हंसाबाई तिच्या मागोमाग आत आली. चिमीला पाणी पाहिजे, असं सांगून आली. चिमी तर बाहेरच होती.

"दहा कमी आहेत ना वं?"

"याडी, तुमाले दिसते, मले दिसते, साऱ्याईले दिसते," प्रमिला सासूला हळू आवाजात म्हणाली. "गाडीचे दहा हजार चारशे आहेत. गाडी निघाली की हिशेब जमला. पण मी कशी म्हणू? मी सून. बापूंची गाडी काढायले सांगतली तं मी जन्मभराची वाईट. अन् रीत तं आहेच."

"बापूंची गाडी? गाडी तं भारतची ना."

"यांले विचारा. हे म्हणतात, गाडी मी बापूंसाठीच घेतली. दर अमावास्येले त्याईले तांड्यावर नेतो, देवळात नारळ फोडतो, बापू समोरच्या सीटवर राजासारखे बसतात. बापूंचा जीव त्या गाडीत आहे. पाहत नाई का, म्हणतात, दर खेपेले मुठीत लिंबू घेऊन बसतात. गाडीले नजर लागू नये म्हणून."

हंसाबाईनं एकदम तोंडाला पदर लावला. आधी प्रमिलाला वाटलं सासू रडतेय. मग खांदे हलताना पाहिले आणि कळलं की ती हसतेय, नुसती हसत नाही, फुटतेय.

"अवं माय! नजर लागू नये म्हणून!" तिनं डोळे पुसले. "अवं, तो हुंगायले लिंबू घेते! त्याले गाडी लागते. करंजी गाव मागं पडलं की मळमळते त्याले. काचा बंद, वरतून तो एसी, अन् तो वास. माह्याजवळ प्लॅस्टिकची पिशवी रायते पर्समंधी. दोनदा तं वाटेत लघवीले जातो म्हणून उतरला अन् झुडपामागं ओकून आला."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. मले शपथ घातली. पोराले सांगशीन तं माह्यं मढं पाह्यशीन, म्हणाला. पोरगं हौसेनं नेते, म्हणाला."

प्रमिलाच्या हातात साखरेचा डबा तसाच राहिला. "म्हणजे बापू म्हणतात गाडी यांची हौस. अन् हे म्हणतात बापूंची."

"अन् रीतीनं कोणी कोणाच्या खर्चाले हात लावायचा नाई," हंसाबाई म्हणाली, आणि तिचं हसू थांबलं. "दोघंई एकमेकांसाठी ती गाडी धरून बसले."

बाहेरून सोनूचा आवाज आला. तिनं बोलायला सुरुवात केली होती, आणि तो आवाज ऐकूनच दोघी चहा सोडून दारात आल्या.

---

सोनूनं हे बोलणं यवतमाळहून येतानाच ठरवलं होतं. शुक्रवारी रात्री वहिनीनं फोनवर नोकरीचं सांगितलं तेव्हापासून ती हिशेब करत होती. एक वर्ष राहिलंय. एका वर्षाची मेस, होस्टेल, वर कॉलेजची फी. फीसाठी शिष्यवृत्ती आहे, पण ती येते तेव्हा येते. वॉर्डात रात्रपाळीला बसून ती नाडी मोजायला शिकली होती. स्वतःची नाडी एसटीत मोजली तेव्हा ती नव्वदच्या वर होती.

"माह्यं राह्यलं," ती म्हणाली. "मी माह्यं कापते. पूर्ण चार हजार. मी एक वर्ष थांबते, घरी येते. इथं एखाद्या दवाखान्यात मदतनीस म्हणून चार-पाच हजार भेटतीन. दादाले काम लागलं की परत जाईन."

"सोनू!" भारत उठलाच.

"दादा, बोट दाखवायचं नाई."

"अगं पण—"

"रीत आहे. माहा खर्च आहे, माह्या हातानं कापते. बापू, खरं आहे ना?"

हिरासिंग सतरंजीकडे पाहत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बापाची रीत आपल्याच घरावर उलटलेली दिसली. कोणी कोणावर जोर करू नये, मोठ्यानं लहानाचं हिरावू नये, म्हणून थावरा कारभाऱ्यानं ती घातली होती. आणि आता घरातली धाकटी लेक स्वतःहून सगळ्यात मोठी गोष्ट सोडून देत होती, आणि कोणालाही ते अडवता येत नव्हतं. सोनू मध्येच परत आली तर ती परत जाणार नाही, हे त्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तांड्यावर एक वर्ष थांबलेल्या पोरी हिरासिंगनं पाहिल्या होत्या. वर्ष संपायच्या आत त्यांना पाहायला पाहुणे यायचे.

भारत म्हणाला, "मंग माह्यं अजून कापा. जेवण कापा. भाडं कापा, एका खोलीत राहू."

"भाडं घराचं आहे, तुमच्या एकट्याचं नाई," प्रमिला दारातून म्हणाली. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं सुनेकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हंसाबाईनं नवऱ्याची शपथ कधी मोडली नव्हती. आताही तिनं ती मोडली नाही. तिनं फक्त भाजीच्या टोपलीतून एक लिंबू घेतलं, बाहेर आली, आणि ते खाकी कागदावर मधोमध ठेवलं.

"एक खर्च लिहायचा राह्यला वं, प्रमिला," ती म्हणाली. "लिंबू. दर अमावास्येले दोन. जायले एक अन् यायले एक. लिही. माहा नाई तो खर्च. ज्याचा आहे त्यानं सांगावं कायले लागतात ते."

सगळे लिंबाकडे पाहायला लागले. हिरासिंग तर असा पाहायला लागला जसं ते त्याला चावणार आहे.

"नजरेचं आहे ते," भारत म्हणाला. "बापू गाडीसाठी—"

"तू चूप राह्य रे," हंसाबाई म्हणाली. "ज्याचा खर्च त्यानं बोलायचं."

हिरासिंगनं लिंबू उचललं, तळहातावर फिरवलं. त्यानं बायकोकडे एकदा असं पाहिलं की बाई, जिंकलीस. मग त्यानं मुलाकडे वळून विचारलं, "भारत, गाडी कोणाची?"

"तुमची, बापू."

"कागदावर नाव कोणाचं आहे?"

"माह्यं. पण घेतली तुमच्यासाठी. तुम्ही डोक्यावर कापसाची गाठोडी वाहून मले शाळेत पाठवलं... मले वाटलं, माहा बाप एकदा तरी तांड्यात गाडीतून उतरावा. ती तुमचीच आहे. म्हणून तं मी बोलत नोहतो तिच्याबद्दल."

"पाच जणांसमोर बोलला. फिरू नको आता. गाडी माही."

"हाव, तुमची."

"मंग माही आहे तं मी कापतो," हिरासिंग म्हणाला. "इकून टाका."

भारतचा चेहरा पडला. "बापू, सोनूसाठी करता तुम्ही. तुमची हौस—"

"हौस कशाची रे?" म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि मग तसाच उतरला. "मले गाडी लागते. दोन वर्षं झाली लागते. हे लिंबू हुंगायले असते. नजर-बिजर काई नाई. उमरीच्या पुढं मी डोळे बंद करून देवाचं नाव घेतो, ते भक्तीनं नाई, पोटासाठी घेतो. मले एसटी आवडते. खिडकी उघडी रायते, बोलायले माणसं भेटतात. या गाडीत तू, मी, तुही याडी. घरात तेच, गाडीत तेच."

सोनूनं तोंड दाबलं. चिमीनं नाही दाबलं. "आजोबा ओकतात?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"हाव, ओकतो," हिरासिंग म्हणाला.

सगळे हसले, भारत सोडून. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. "दोन वर्षं! एक शब्द बोलले नाई? मी हप्ते भरत राह्यलो, ओव्हरटाइम करत राह्यलो, तुम्हाले मजा येते म्हणून... अन् तुम्ही मळमळत बसत होते? मले मूर्ख बनवलं बापू तुम्ही."

"मूर्ख नाई बनवलं." हिरासिंग पुढे सरकला. पोराच्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला. असं तो सहसा करत नसे. "तू पहिल्या खेपेले गाडी तांड्यात आणली. देवळाजवळ थांबवली, धावत इकडून आला, माह्या बाजूचं दार उघडलं अन् हात दिला. सारा तांडा पाहत होता. मी तांड्याकडे नाई पाह्यलं रे. मी तुह्या तोंडाकडे पाह्यलं. असं तोंड मी तुहं लहानपणीही पाह्यलं नोहतं. मले वाटलं, ओकारी आली तं येऊ दे. हे तोंड दर अमावास्येले पाह्याले भेटते ना, मंग एक लिंबू काई जास्त नाई."

भारतनं बापाचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. प्रमिला दारातच उभी होती. तिला वाटलं आता आपण चहा आणावा, पण ती हलली नाही. आत चहा उकळून उकळून आटला होता. त्याबद्दल त्या दिवशी कोणी तिला बोललं नाही.

---

मग खडू पुन्हा हातात आला. प्रमिलाला आता मोकळेपणानं बोलता येत होतं, कारण गाडी आता कोणाच्या हौशीची राहिली नव्हती, नुसती गाडी होती.

"उद्या बँकेत जाऊन कर्ज मुदतीआधी फेडायचा आकडा लेखी मागायचा," ती म्हणाली. "अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत, म्हणजे मुद्दल दोन लाख साठच्या आसपास असन. वरतून लवकर फेडायचा दंड लावतात, तो किती ते विचारायचा. गाडीले तीन लाख तीस-पस्तीस येतीन असं मले वाटते, पण दोन-तीन ठिकाणी दाखवायची, पहिल्याच दलालाले द्यायची नाई. घेणाऱ्याचा पैसा आंधी बँकेत, बँकेचं ना-हरकत पत्र, मंग आरटीओत कर्जाची नोंद काढायची अन् मंगच गाडी त्याच्या नावावर. कागद नावावर झाल्याबिगर चावी द्यायची नाई. नाईतं तो ठोकन अन् नोटीस आपल्याले येईन."

"अन् इकेपर्यंत हप्ता?" भारतनं विचारलं.

"भरायचा. एक हप्ता चुकला तं दंड लागते, अन् पुढं कोणी कर्ज देत नाई. म्हणून घाई करायची, पण कमी भावात द्यायची घाई नाई करायची. सारं फेडून पन्नास-पंचावन्न हजार उरतीन. तेई गाठीत." तिनं शेवटची ओळ खोडली आणि बेरीज केली. "सतरा हजार सातशेच्या आत. सोनूचे चार धरून."

सोनू मान खाली घालून बसली होती. "मी तं कापले ना ते."

"मंग परत घे," हिरासिंग म्हणाला.

"रीत—"

"रीत माह्या बापाची आहे, तुह्या बापानं नीट ऐकली आहे. नसाब उठेपर्यंत ज्यानं शब्द दिला त्याले तो परत घेता येते. दुसऱ्याले नाई घेता येत, म्हणून मी गप होतो. तुलेच घ्यावा लागन, छोरी. मी सतरंजी नाई उचलत तोवर."

सोनूनं दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. "पण खरंच पुरन ना वहिनी? माह्यासाठी कोणी उपाशी—"

"मी हिशेब केला आहे," प्रमिला म्हणाली. "माह्या ब्लाउजची शिवण उसवलेली पाह्यली का कधी?"

"नाई."

"मंग."

सोनूनं डोळे पुसले. "घेतला परत," ती म्हणाली. मग अजून एकदा, मोठ्यानं, "घेतला बापू, शब्द परत घेतला!" आणि आईच्या मांडीतून चिमीला ओढून तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी ओरडली.

हिरासिंग उठला. कोणी वेगळं काही सुचायच्या आत त्यानं सतरंजी उचलली.

---

गाडी पुढच्या महिन्यात गेली, वरोऱ्याच्या एका मास्तरकडे, तीन लाख अठ्ठावीस हजारांना. प्रमिलाला अजून सात हजार पाहिजे होते. भारतला काम लागलेलं नव्हतं, दोन ठिकाणी बोलणं चालू होतं, आणि एका ठिकाणच्या बारा हजारांना त्यानं नाही म्हटलं होतं. सकाळी नाही म्हणून आला आणि दिवसभर चिमीच्या दप्तराची तुटलेली चेन शिवत बसला.

अमावास्येला ते एसटीनं निघाले. सुट्टीला घरी आलेल्या सोनूला यवतमाळला सोडायचं होतं, पुढे आर्णीची गाडी, मग तांड्याचा फाटा. कंडक्टर आला. हंसाबाई आणि सोनू बाया म्हणून अर्ध्या, हिरासिंग म्हातारा म्हणून अर्धा.

"अन् तुमचं?" कंडक्टरनं भारतला विचारलं.

"माह्यं पूर्ण," भारत म्हणाला. "बेकार माणसाले सवलत नाई ना?"

कंडक्टर हसला, तिकीट फाडून दिलं. हंसाबाईनं पोराच्या पाठीवर थाप मारली.

हिरासिंग पुढच्या बाकावर खिडकीशी बसला होता. बाजूला मारेगावचा कोणी मानीबाईचा भाचा निघाला. कोण मानीबाई, ते भारतला कळलं नाही; पण दोघांना एवढं पुरलं. करंजी मागे पडली. उमरी मागे पडली. वळणं आली. भारत बापाच्या मानेकडे पाहत राहिला. म्हातारा एका हातानं खिडकीचा गज धरून, वाऱ्यात केस उडवत, मोठमोठ्यानं बोलत होता. मूठ रिकामी होती. दोन वर्षं हाच रस्ता हा माणूस कसा बसून आला असेल, ते आता भारतला प्रत्येक वळणावर दिसत होतं.

"आमच्याकडे गाडी होती," हिरासिंग त्या भाच्याला सांगत होता. "पोरानं माह्यासाठी घेतली होती. पांढरी."

"मंग काय झालं?"

"इकली. मलेच लागत होती. पण पोरगं दार उघडून द्यायचं बरं का. उतरताना हात द्यायचं. लाखात एक पोरगं आहे."

यवतमाळला सोनू उतरली, होस्टेलच्या रस्त्यानं हात हलवत गेली. आर्णीच्या गाडीनं त्यांना दुपारी तांड्याच्या फाट्यावर सोडलं. उतरणारे चार-पाच जण होते. पारावर तांड्यातली माणसं बसली होती, ती वळून पाहायला लागली.

भारत सगळ्यांच्या आधी उडी मारून खाली उतरला. वळला, एसटीच्या दाराशी उभा राहिला आणि हात वर केला.

हिरासिंगनं पायरीवरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात धरला आणि सावकाश उतरला, जसा सारा तांडा पाहत असताना उतरावा तसा.

"चाल," तो म्हणाला. "नारळ घ्यायचा राह्यला."